वानर नाही, वार: मँडरीनमधला शेवटचा र कुठे लावायचा आणि कुठे बदलायचा

प्रश्न: ताई, मी पुण्यात दीड वर्ष मँडरीन शिकतेय. आधीच्या मॅडम बीजिंगला राहून आलेल्या, त्या जिथेतिथे शेवटी र लावायला सांगायच्या. आताचे ऑनलाइन सर तैवानचे, ते म्हणतात काढून टाक तो र. जुलैत कंपनीकडून सुझोऊच्या प्लांटला सहा महिने जायचंय. लावू की नको? आणि मी लावते तेव्हा तो विचित्रच का वाटतो?

उत्तर:

सुझोऊत बोलताना बहुतेक ठिकाणी नकोच, पण सर म्हणतात तसं नुसतं काढूनही चालणार नाही, कारण काही शब्दांत र काढला की शब्दच मोडतो, तिथे दुसरा शब्द घालावा लागतो. ते पुढे सांगते. आधी तुझा शेवटचा प्रश्न घेऊ, कारण र नीट येतो की नाही यावरच बरंचसं ठरतं आणि आपल्या मराठी मुलांचं तिथेच अडतं, मी अकरा वर्षं शिकवतेय आणि जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये हेच होतं.

पुस्तकात `wanr` असं लिहिलेलं असतं, अर्थ खेळणं, फिरणं, मजा करणं. मराठी माणूस ते वाचतो आणि म्हणतो "वानर". अगदी माकडाचा वानर. यात दोन चुका एकदम होतात. एक म्हणजे आपला र जिभेचं टोक टाळूवर आपटून होतो, चिनी र मध्ये जीभ कुठेच आपटत नाही. आणि दुसरी, जी जास्त महाग पडते, ती म्हणजे आपण न पूर्ण उच्चारतो आणि मग त्याच्यापुढे र जोडतो, त्यामुळे एका अक्षराच्या शब्दाची दोन अक्षरं होतात. चिनी कानाला तो मग वेगळाच काहीतरी शब्द वाटतो. खरा उच्चार "वार" च्या जवळ आहे, न गायब, आणि शेवटी जीभ मागे वळत वळत आवाज संपतो.

तर जीभ कशी ठेवायची. तू ळ म्हणायला जातेस तेव्हा जिभेचं टोक मागे वळून टाळूकडे जातं ना, तिथपर्यंत ने पण टेकवू नकोस, टेकायच्या आधीच थांब, आणि त्याच अवस्थेत अ चा आवाज चालू ठेव. तो जो दबका, गोल फिरलेला आवाज येतो तोच हा. अमेरिकन लोक कार म्हणतात त्यातला र साधारण हाच, तुझ्या टीममध्ये कोणी अमेरिकन क्लायंटशी वर्षानुवर्षं कॉलवर बोलत असेल तर त्याला हा आवाज आपोआप येत असेल. बरोबर येतोय का हे तपासायची सोपी खूण आहे: तो आवाज तीन सेकंद लांबव. एकसलग लांबवता आला, कुठेही थरथर नाही, तर बरोबर. आपला मराठी र असा लांबवताच येत नाही, तो एकदा आपटून संपतो नाहीतर र्र्र्र असा थरथरतो. दुसरी खूण टाळीची, शब्द म्हणताना एकच टाळी बसली पाहिजे. वानर ला दोन बसतात. वार ला एक.

(देवनागरीत चिनी उच्चार लिहिणं ढोबळच असतं, मी लिहिलेल्या द, ब, ग कडे फार लक्ष देऊ नकोस, स्वराचं काय होतंय तेवढं बघ.)

आता न का गायब होतो ते समजलं की पाठांतर करायची गरजच उरत नाही, म्हणून जरा वेळ देऊन सांगते. न म्हणताना जिभेचं टोक पुढे दातांच्या मागे टेकतं. र साठी तेच टोक मागे वळवायचंय. एकच जीभ एकाच वेळी पुढे आणि मागे जाऊ शकत नाही, त्यामुळे न ला जागा सोडावी लागते. शेवटी ई चा आवाज असेल, म्हणजे आय किंवा एय सारखं, तेव्हाही तेच, ई साठी जीभ पुढे वर जाते, म्हणून ती ई पण पडते. म्हणून लहान मूल "श्याओहाय" चं "श्याओहार" होतं, चव "वेय" ची "वर" होते, फाटक किंवा दार "मन" चं "मर" होतं. याचा परिणाम असा की बशी "फान" आणि पाटी किंवा पत्ता "फाय", म्हणजे खेळायचा पत्ता, हे दोन वेगळे शब्द र लागल्यावर दोन्ही "फार" होतात, आणि बीजिंगच्या लोकांना त्याचा काही त्रास होत नाही, संदर्भाने कळतं.

उलट शेवटी आ, ओ, उ असेल तर जीभ आधीच मोकळी असते, मग काहीच पडत नाही, फूल "ह्वा" चं सरळ "ह्वार" होतं. आणि पूर्ण शब्दातला स्वरच फक्त ई असेल तर ती पाडली तर काय उरणार, म्हणून ई ठेवतात आणि मध्ये एक छोटा अ येतो, कोंबडीचं पिल्लू "जी" चं "जीअर". "जिन" सारख्या शब्दात आधी न पडतो, उरते ई, मग तिथेही "जिअर".

राहिला शेवटचा ंग. ंग ला जिभेचं टोक लागत नाही, मागचा भाग लागतो, त्यामुळे तो पूर्ण पुसला जात नाही, जाता जाता नाकातला सूर स्वरावर ठेवून जातो. रिकामा वेळ "खोंग" हा "खोँर" होतो, चंद्रबिंदूवाला ओ. आपल्याकडे देवनागरीत चंद्रबिंदू आहे आणि कोकणीत तर नाकातले स्वर रोजच्या बोलण्यात आहेत, गोव्याच्या माझ्या विद्यार्थ्यांना हे पहिल्या दिवशी जमतं. हूथोंग म्हणजे बीजिंगच्या जुन्या गल्ल्या, त्यांना तिथले लोक "हूथोँर" म्हणतात, तो शब्द सरावाला घे.

या सगळ्यात एक जागा अशी आहे जिथे चांगले विद्यार्थीही चुकतात आणि तो शब्द दिवसातून पन्नास वेळा लागतो, म्हणून वेगळा सांगते. थोडंसं, `yidianr`. र नसताना याचा उच्चार "यी द्येन" असा होतो, आ लिहिलेला असला तरी ए ऐकू येतो. आ चा ए का होतो, तर मागे ई आणि पुढे न, दोघांच्या मध्ये सापडून तो वर खेचला जातो. आता र आला, न पडला, मग आ ला वर खेचणाऱ्यांपैकी एक गेला आणि तो परत खाली आ वर येतो. म्हणजे उच्चार "यी द्यार". यी द्येर नाही, यी द्येनर तर नाहीच नाही. तुझा र विचित्र वाटतो असं तू म्हणतेस ना, माझा अंदाज आहे की तू द्येनर म्हणत असशील. फोनवर रेकॉर्ड करून ऐक, द्येन आणि द्यार असे आलटून पालटून दहा वेळा, स्वर बदलतोय का तेवढंच बघ. डोळा "येन" आणि छोटं भोक "यार", पीठ "म्येन" आणि पूड "म्यार", सगळे याच गटातले.

आता लावायचा का, याकडे येऊ. हा र म्हणजे मुळात मूल, लेकरू या अर्थाचा शब्द, तो पूर्ण उच्चारला की "अर्". तो दुसऱ्या शब्दाला चिकटून चिकटून छोटेपणा दाखवायला लागला आणि शेवटी त्याचं स्वतःचं अक्षर संपून मागच्या स्वरात विरघळला. लिहिताना मात्र अजून दोन चिन्हं लिहितात आणि वाचताना एकच अक्षर वाचतात. छोटेपणाची ही गोष्ट आपल्याला नवी नाही, आपण गाडा-गाडी, पाटा-पाटी, सुरा-सुरी करतोच, आणि आपल्याकडे जसं पाटा आणि पाटी या आता दोन पूर्ण वेगळ्या वस्तू झाल्यात, तसंच तिकडेही झालंय. डोक्याला "थोउ", र लावला "थोउर" की मुकादम, बॉस. पत्राला "शिन", र लावला "शिअर" की खबर, निरोप. पांढरं पीठ "बायम्येन", आणि "बायम्यार" म्हणजे हेरॉईन, त्यामुळे दुकानात कणिक मागताना हौसेने र लावायचा नाही.

1956 मध्ये चीन सरकारने फूथोंगह्वा, म्हणजे सगळ्या देशासाठीची प्रमाण भाषा, पसरवायचा आदेश काढला तेव्हा उच्चार बीजिंगचे धरले, त्यामुळे र प्रमाण भाषेत आला, पण बीजिंगच्या गल्लीतले सगळे र काही आले नाहीत. तिकडे शिक्षकांना आणि निवेदकांना जी फूथोंगह्वाची परीक्षा द्यावी लागते तिच्यात शब्द वाचायच्या भागात किमान 4 शब्द र वाले असतात. म्हणजे तुझ्या आधीच्या मॅडमनी शिकवलेलं काही गावंढळ किंवा चूक नव्हतं, ते प्रमाणच आहे. फक्त प्रमाण असणं आणि अर्धा देश तसं बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यांगत्सी नदीच्या खाली बहुतेक माणसं फूथोंगह्वा बोलतात तेव्हा तो र सोडून देतात कारण त्यांच्या घरच्या बोलीत तो नसतो, सुझोऊची घरची बोली वू गटातली, शांघायच्या जवळची.

तर तुझ्यासाठी खरा प्रश्न आहे की र काढताना शब्दाचं काय करायचं, आणि इथे तीन वेगवेगळे प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात र नुसता सोडून द्यायचा, काही बिघडत नाही. थोडंसं "यी द्यार" चं "यी द्येन", खेळणं "वार" चं "वान", गप्पा मारणं "ल्याओथ्यार" चं "ल्याओथ्येन", काही हरकत नाही "मेयशर" मधला शेवटचा वळलेला भाग सोडून साधं "मेय श". लक्षात ठेव की र सोडलास की न परत आला पाहिजे, नुसतं "वा" म्हणून थांबायचं नाही.

दुसऱ्या प्रकारात र च्या जागी "ली" येतो. इथे "जर", तिथे "नार", कुठे "नार". यांतला र नुसता उडवलास तर इथे चं हा होतं आणि कुठे चं कोणता होतं. "तू कोणता आहेस?" असं वाक्य तयार होईल. म्हणून जर चं "जली", नार चं "नाली". सर काढून टाक म्हणाले त्यात त्यांना हेच अभिप्रेत असणार, ते स्वतः नक्की जली नाली च म्हणत असतील, त्यांना ते इतकं सवयीचं आहे की बदल होतोय हे सांगायचं राहिलं असेल. आता टोनचं बघ, तिथे आणि कुठे या दोन्हीला देवनागरीत मी नार च लिहिलंय, कारण फरक फक्त टोनचा आहे, तिथे चौथा, कुठे तिसरा. आणि ली लावल्यावर कुठे मध्ये अजून एक गंमत होते, ली पण तिसऱ्या टोनचा असल्यामुळे दोन तिसरे शेजारी येतात आणि पहिल्याचा दुसरा होतो, म्हणजे वर चढणारा ना. तिथे मात्र चौथ्यानेच पडतो. माझ्या मते ली वालं रूप आपल्या लोकांना बोलायला जास्त सुरक्षित आहे, चढता आणि पडता ना इतका स्पष्ट वेगळा ऐकू येतो की गोंधळ होत नाही, नार मध्ये तिसरा टोन अर्धवट खाली गेला की ऐकणाऱ्याला कुठे की तिथे ते कळत नाही.

तिसऱ्या प्रकारात पूर्ण शब्द बदलायचा. वर सांगितलेले खबर आणि बॉस यातलेच. माझी एक विद्यार्थिनी शांघायजवळ एका ऑफिसात इंटर्न होती, तिला व्हिसाच्या कागदांची काही खबर आली का असं विचारायचं होतं, तिने कुठेतरी वाचलं होतं की दक्षिणेत र लावत नाहीत म्हणून तिने शिअर मधला र काढला आणि "शिन आलं का" असं विचारलं, रिसेप्शनवरच्या बाईंनी उठून टपालाचा ट्रे तपासला आणि सांगितलं तुझ्या नावाचं पत्र नाहीये. ती दोन दिवस समजत होती की व्हिसाचं काही झालेलं नाही, खरं तर मेल येऊन पडला होता. तिथे "श्याओशी" म्हणायला हवं होतं, बातमी, खबर या अर्थाचा सगळीकडे चालणारा शब्द. तसंच बॉस साठी थोउर च्या ऐवजी "लिंगदाओ" किंवा "लाओबान". आज "जिअर" आणि उद्या "मिँअर" हे पक्के बीजिंगचे, त्यांच्या ऐवजी पुस्तकातले "जिनथ्येन", "मिंगथ्येन". छोटं भोक यार च्या ऐवजी "दोंग". प्लांटमध्ये ड्रिलिंग किंवा शीटमेटलचं काम असेल तर भोकाचा शब्द तुला रोज लागेल आणि तिथे ड्रॉइंगवर लिहिलेला "खोंग" हा शब्द असेल, त्याला र बी काही नाही.

एक पूर्ण वाक्य घेऊन बघू. समज तू गेटवर उभी आहेस आणि लाइनवरच्या जुन्या मेकॅनिकला फोन करतेयस: मास्तर, तुम्ही कुठे आहात? मी गेटपाशी तुमची जरा वेळ वाट बघते, थोडं काम आहे, विचारायचंय. मॅडमच्या पद्धतीने हे असं होईल: "शफू, निन जाय नार? वो जाय मनखोउर दंग निन यीह्वर, योउ द्यार शर श्यांग वन निन." पाच र आले. आता एकेक घे. नार ला नुसतं सोडता येत नाही, नाली. मनखोउर म्हणजे दारापाशी, सोडता येतो, मनखोउ. यीह्वर म्हणजे थोडा वेळ, सोडला की "यीह्वेय", चालतं, पण तिकडे अशा जागी "यीश्या" च जास्त ऐकू येईल, मी तेच म्हणेन. द्यार चं द्येन. शर म्हणजे काम, बाब, तिथला वळलेला शेवट सोडून साधं श. मग वाक्य होतं: "शफू, नी जाय नाली? वो जाय मनखोउ दंग नी यीश्या, योउ द्येन श श्यांग वन नी." निन चा नी मी मुद्दाम केलाय, निन हे आदरार्थी तुम्ही उत्तरेत घडोघडी वापरतात, सुझोऊकडे प्लांटच्या फ्लोअरवर नी ने काही अनादर होत नाही. पण क्लायंटकडच्या वयस्कर मॅनेजरला पहिल्यांदा भेटशील तेव्हा निन च ठेव.

बघ, पाचपैकी तीन नुसते सुटले, एकाला ली लागला आणि एकाला मी शब्दच बदलला. तुला रोज लागणारी तीस-चाळीस वाक्यं अशी वहीत लिहून काढ, डावीकडे मॅडमचं, उजवीकडे सुझोऊचं, आणि प्रत्येक र पुढे लिही की सोडला, ली केला की शब्द बदलला. हे काम एका रविवारचं आहे आणि याने जितका फायदा होतो तितका उच्चाराच्या दहा व्हिडिओंनी होत नाही.

उद्या कंपनीने तुला बीजिंगला किंवा थ्येनचिनला पाठवलं तर मग उलट कर, पण तिथेही जपून. नवीन शिकलेला माणूस र सगळीकडे शिंपडतो आणि ते र न लावण्यापेक्षा कितीतरी जास्त खटकतं. र मध्ये अजूनही लेकरू आहे, छोटं, रोजचं, घरगुती, जवळचं जे असेल त्यालाच तो शोभतो. खानावळ "फानग्वान" ची "फानग्वार" होते, पण त्याच ग्वान चं वाचनालय "थूशूग्वान" आणि दूतावास "दाशग्वान" यांना र लावला की बीजिंगचा माणूसही दचकेल. दारांचंही तसंच, घराचं दार मर, पण तिआनआनमेन ला कधीही मर नाही, जुन्या शहराच्या मोठ्या वेशींना नाही, आणि दोंगब्येनमन सारख्या छोट्या वेशीला मात्र तिथले जुने लोक लावतात. गंभीर, सरकारी, तांत्रिक शब्दांना लावायचा नाही. प्रेझेंटेशन देताना, करार वाचताना बीजिंगचा माणूस स्वतःच र कमी करतो आणि संध्याकाळी जेवताना परत वाढवतो. तेव्हा नियम म्हणून एवढंच धर की जो शब्द तू स्वतःच्या कानाने तिथल्या दोन-तीन माणसांकडून र सकट ऐकलायस त्यालाच लाव. अंदाजाने नवीन शब्दाला लावू नको.

बोलण्यातून र काढलास तरी ऐकण्यातून काढू नकोस, इथे मला सरांशी थोडं असहमत व्हावंसं वाटतं. सुझोऊच्या कारखान्यांत सुझोऊची माणसं कमी आणि हनान, आनह्वेय, शानदोंग, ईशान्येकडची जास्त भेटतील. ईशान्येकडचा सुपरवायझर तुला पूर्ण र सकट बोलेल. तू फक्त द्येन ऐकायची सवय केली असशील तर द्यार ऐकल्यावर तुला तो वेगळाच शब्द वाटेल, कारण न गेलेला, स्वर बदललेला. एचएसकेच्या ऐकण्याच्या भागातही नार, द्यार, यीह्वर येतातच. म्हणून वर सांगितलेलं न पडतो, ई पडते, ंग नाकात जातो हे कानासाठी पक्कं कर, तोंडाने नाही वापरलंस तरी. ऐकताना उलट चालायचं, "फार" ऐकलं तर मागे फान असेल की फाय हे वाक्यावरून ठरवायचं. आणि उत्तरेकडचं कोणी घाईत "माहीत नाही" म्हणेल तेव्हा ते "बूरदाओ" असं काहीतरी ऐकू येईल, त्यातला र हा हा र नव्हे, तिथे मधल्या शब्दाचा ज घाईत विरघळलेला असतो, माझे विद्यार्थी तो अरह्वाच समजून बसतात म्हणून सांगितलं. अरह्वा हे या सगळ्या प्रकाराचं चिनी नाव, र होणं, तुला पुस्तकात सापडेल.

तैवानच्या सरांबरोबर बोलताना मात्र पूर्ण काढून टाक, तिकडे र लावलेलं बोलणं लगेच वेगळं उठून दिसतं, आणि थोडा वेळ साठी ते यीह्वेय मधला टोनही वेगळा घेतात, त्यांच्या तासाला त्यांच्यासारखं बोल, एवढ्याने तुझं काही गोंधळणार नाही.

अजून एक, र चं चिन्ह दिसलं म्हणजे र करायचाच असं नाही. मुलगी "न्यूअर्", बाळ "यिंगअर्", बालवाडी "योउअर्युआन", यांत मूल हा अर्थ जिवंत आहे, तिथे अर् हे स्वतंत्र अक्षर, त्याला वेगळी टाळी. न्यूअर् चं एका टाळीत काहीतरी करू नकोस. आणि सुट्टीत तू ट्रेनने हांगझोऊला जाशीलच, जवळ आहे, तर तिथे हे प्रकरण अजून वेगळं आहे. 1127 मध्ये खायफंग पडल्यावर सोंग दरबार उत्तरेतून दक्षिणेला आला आणि पुढे हांगझोऊत स्थिरावला, त्याच्याबरोबर आलेल्या उत्तरेकडच्या माणसांमुळे तिथल्या बोलीत हा शेवटचा अर् राहिला असं मानतात, पण तो बीजिंगसारखा विरघळला नाही, तो वेगळं अक्षर म्हणूनच उभा आहे. तिथे लोणवलेली मोहरीची पानं, बांबूचे कोंब आणि डुकराच्या मांसाचे काप घातलेल्या प्रसिद्ध नूडल्स मिळतात, मेनूवर मधलं चिन्ह तेच दिसेल, आणि तू ते बीजिंगसारखं फ्यार-छ्वान असं वाचायला जाशील. तिथे म्हणायचं "फ्येन-अर्-छ्वान", तीन टाळ्या, न शाबूत.